नव्वद हजार सेट-ऑफमध्ये टाकायचे की काउंटरक्लेममध्ये? आधी तारीख बघा

समन्स हातात पडलं की माणूस पहिल्यांदा चिडतो आणि मग पिशवी घेऊन वकिलाकडे येतो. पिशवीत बिलं, चलनं, बँकेचं पासबुक, मोबाईलमधल्या मेसेजच्या प्रिंट, आणि तोंडात पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, मी त्याला काय देणं लागतो, उलट तोच माझं देणं लागतो!" म्हापशाला प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दरवेळी मला वाटतं की या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि कायदा त्या तिघींना वेगवेगळ्या दारातून आत घेतो. चुकीच्या दारात उभं राहिलात तर खरे पैसे असूनही हातचे जातात. लॉ कॉलेजची मुलं इंटर्नशिपला येतात तेव्हा त्यांना "सेट-ऑफ म्हणजे ढाल, काउंटरक्लेम म्हणजे तलवार" एवढं पाठ असतं, म्हणजे सेट-ऑफने समोरच्याच्या मागणीतून आपलं येणं वजा करायचं आणि काउंटरक्लेमने आपणच उलट त्याच्यावर मागणी करायची, ते चूक नाही, पण समोर पिशवी उघडली की त्या ओळीने काहीच ठरत नाही. म्हणून एकच केस घेते आणि तीच शेवटपर्यंत नेते.

समजा उल्हासबाबचं म्हापशाला टाइल्स आणि सॅनिटरी सामानाचं दुकान आहे, एकट्याच्या मालकीचं. दत्ताराम मोरजीला चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. डिसेंबरचा सीझन तोंडावर होता म्हणून दत्तारामने खोल्यांच्या टाइल्स बदलायला काढल्या आणि उल्हासबाबने २५ नोव्हेंबर २०२२ ला २,४०,००० चा माल पोचवला, बिलावर तीस दिवसांची उधारी लिहिलेली. दत्तारामने तीन दिवसांनी ४०,००० यूपीआयने पाठवले. टाइल्स बसवल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचं ग्लेझ सुटायला लागलं, कडा फुगल्या, पाय कापायची वेळ आली, नाताळ-न्यू इयरची बुकिंगं रद्द झाली आणि लाद्या उखडून परत बसवायला लागल्या. याच्या आधीची अजून एक गोष्ट, २० सप्टेंबर २०२२ ला दत्तारामने उल्हासबाबला हातउसने म्हणून ९०,००० चा चेक दिला होता, तो त्याच दिवशी वटला, पैसे कधीच परत आले नाहीत.

ओळखीचा व्यवहार, त्यामुळे दोघंही तीन वर्षं "बघू, करू" करत राहिले. मग ८ सप्टेंबर २०२५ ला उल्हासबाबने म्हापशाच्या सिव्हिल कोर्टात पूर्ण २,४०,००० ची मनी सूट, म्हणजे पैसे वसुलीचा दावा, टाकली, व्याज वेगळं. दत्तारामला समन्स ८ ऑक्टोबरला लागलं. (रकमा मी मुद्दाम तीन लाखांच्या खाली ठेवल्यात, कारण धंद्यातला वाद तीन लाखांवर गेला की कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्ट येतो आणि त्याचे नियम जास्त कडक आहेत.)

आता पिशवी टेबलावर ओतूया.

पहिली चिठी ४०,००० ची. याला बरेच जण सेट-ऑफ म्हणतात आणि तिथेच पहिली गडबड होते. हे पैसे दत्तारामने याच बिलापोटी दिलेत, म्हणजे कर्ज तेवढं फिटलं, उल्हासबाबकडून त्याला यातलं काही परत यायचं नाहीये. हा साधा पेमेंटचा बचाव आहे. रिटन स्टेटमेंटमध्ये, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, तारीख, रक्कम, ट्रान्झॅक्शन नंबर लिहायचा, बँक स्टेटमेंट जोडायचं, एवढंच, कोर्ट फी लागत नाही. दोघांनी आधीच ठरवून एखादं येणं बिलातून वळतं केलं असेल तर तेही याच घरातलं, कारण ते वळतं करणं सूट यायच्या आधीच झालेलं असतं. सेट-ऑफमध्ये दोन्ही कर्जं अजून जिवंत असतात आणि ती एकमेकांसमोर ठेवून वजा करा असं कोर्टाला सांगायचं असतं.

दुसरी चिठी ९०,००० च्या चेकची, आणि ही खरी सेट-ऑफची. सिव्हिल प्रोसीजर कोडमध्ये ऑर्डर ८ चा रूल ६ आहे, तो म्हणतो की सूट पैशांच्या वसुलीची असली पाहिजे, प्रतिवादीचं येणं ठराविक आकड्याचं असलं पाहिजे, ते कायद्याने वसूल होण्यासारखं असलं पाहिजे, कोर्टाच्या रकमेच्या मर्यादेत बसलं पाहिजे आणि दोघांची नाती दोन्ही व्यवहारात तीच असली पाहिजेत. ठराविक आकडा म्हणजे काय, तर कोर्टाला तो बसून काढावा लागत नाही. चेक ९०,००० चा, वटला ९०,००० ला, उल्हासबाब फार तर म्हणेल की मी घेतलेच नाहीत किंवा परत केले, पण "नव्वद की पासष्ट" असा वाद नाही. एक गंमत बघा, हे हातउसने टाइल्सच्या व्यवहाराशी अजिबात संबंधित नाहीत, तरी चालतं. सेट-ऑफला व्यवहार एकच लागतो असं पुष्कळांना वाटतं, तसं रूलमध्ये कुठेही नाही.

नाती तीच असली पाहिजेत हे मात्र नीट बघा, कारण गोव्यातली निम्मी दुकानं भावाभावांची असतात. समजा दुकान उल्हासबाब आणि त्याच्या भावाच्या पार्टनरशिपचं असतं आणि सूट दोघांनी मिळून टाकली असती, पण चेक एकट्या उल्हासबाबला घरच्या कामासाठी दिलेला, तर ते ९०,००० इथे वजा होत नाहीत. रूलच्या खालीच उदाहरण दिलंय, अ आणि ब मिळून क वर दावा लावतात तेव्हा एकट्या अ कडचं येणं क ला सेट-ऑफ करता येत नाही. म्हणून चेक कुणाच्या नावे निघाला, कुठल्या खात्यात जमा झाला, हे मी पक्षकाराच्या शब्दावर कधीच सोडत नाही, बँकेचं स्टेटमेंट मागवते.

तिसरी चिठी सगळ्यात जाड, नुकसानीची. दत्तारामने वहीत लिहून आणलंय, उखडण्या-बसवण्याची मजुरी ३८,०००, नवीन लाद्या ५२,०००, रद्द झालेली बुकिंगं ५०,०००, एकूण १,४०,०००. आकडा लिहिला म्हणून तो ठराविक झाला असं नाही. मजुरीच्या पावत्या कोर्ट तपासणार, लाद्या खरंच खराब होत्या की मिस्त्रीने घाईत ओल्या कोब्यावर बसवल्या हे बघणार, बुकिंग रद्द व्हायचं कारण लाद्याच होत्या का हे विचारणार, आणि मग म्हणणार १,३०,००० किंवा ४५,००० किंवा काहीच नाही. असा कोर्टाने काढायचा आकडा रूल ६ मध्ये बसत नाही. तो जातो रूल ६-ए मध्ये, म्हणजे काउंटरक्लेममध्ये.

६-ए कोडमध्ये मुळात नव्हता, १९७६ च्या दुरुस्तीने आला आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाला. तो बराच मोकळा आहे, नुकसानभरपाई असो की दुसरा कुठला हक्क, वादीच्या विरुद्धचं प्रतिवादीचं कारण सूट यायच्या आधीचं असो की नंतरचं, फक्त ते रिटन स्टेटमेंट देण्याआधी किंवा ते द्यायची मुदत संपण्याआधी घडलेलं असलं पाहिजे. रकमेची मर्यादा इथेही कोर्टाचीच. थोडक्यात ही प्रतिवादीने त्याच फाइलमध्ये लावलेली स्वतःची सूट असते.

इथपर्यंत आलं की इंटर्न मुलं विचारतात, मग सगळंच काउंटरक्लेममध्ये का नाही टाकायचं, ९०,००० सुद्धा त्यातच, एकच हेडिंग, एकच प्रार्थना, काम सोपं. प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण काउंटरक्लेमला "ठराविक आकडा नको" असं कुणी म्हणत नाही, कर्जाचे पैसेही त्यात मागता येतात. उत्तर कोडमध्ये नाही, दावा लावायच्या मुदती ठरवणाऱ्या लिमिटेशन अ‍ॅक्टमध्ये आहे.

त्या कायद्याच्या कलम ३(२)(ब) मध्ये दोन ओळी आहेत. सेट-ऑफ मूळ सूट ज्या दिवशी दाखल झाली त्याच दिवशी दाखल झाला असं धरायचं, आणि काउंटरक्लेम तो प्रत्यक्ष कोर्टात ज्या दिवशी दिला त्या दिवशी. बस. आता तारखा मांडा. चेकने दिलेल्या उसन्या पैशांची मुदत चेक वटल्यापासून तीन वर्षं, म्हणजे २० सप्टेंबर २०२५ ला संपली. सूट ८ सप्टेंबरला आलेली. समजा आपण रिटन स्टेटमेंट ३ नोव्हेंबरला देतोय. ९०,००० सेट-ऑफ म्हणून लिहिले तर ते ८ सप्टेंबरला मागितले असं धरलं जाईल, मुदतीत बारा दिवस बाकी, पैसे जिवंत. तेच ९०,००० काउंटरक्लेम म्हणून लिहिले तर तारीख ३ नोव्हेंबर धरली जाईल, सहा आठवडे उशीर, पैसे गेले. वेगळी सूट लावली तरी गेले. तोच चेक, तेच रिटन स्टेटमेंट, फरक फक्त वर कुठलं हेडिंग दिलं त्याचा. मला स्वतःला हा फरक वाचून कळला नव्हता, ज्युनियर असताना एका फाइलवर समोरच्या बाजूने कुणीतरी असंच सगळं एका काउंटरक्लेममध्ये गुंडाळलं होतं आणि त्या माणसाचं अगदी कागदावरचं येणं मुदतीबाहेर गेलं, त्याचा चेहरा मला आजही आठवतो. पैसे खरे होते हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

सूट ८ सप्टेंबरऐवजी १ ऑक्टोबरला आली असती तर मात्र सेट-ऑफही वाचला नसता, कारण त्या दिवशी ९०,००० ची मुदत आधीच उलटलेली असती आणि रूल ६ ला वसूल होण्यासारखंच येणं लागतं. म्हणून सूट दाखल झाल्याची तारीख समन्सवर किंवा दाव्याच्या पहिल्या पानावरच्या शिक्क्यावर शोधायची. समन्स लागल्याची तारीख इथे उपयोगाची नाही.

नुकसानीचं घड्याळ वेगळं. करार मोडल्याची भरपाई मागायला करार मोडला तेव्हापासून तीन वर्षं, खराब माल २५ नोव्हेंबर २०२२ ला आला, म्हणजे २५ नोव्हेंबर २०२५ पर्यंत धरणं सुरक्षित. ३ नोव्हेंबरला काउंटरक्लेम दिला तर तो बसतो. पण रिटन स्टेटमेंट द्यायला समन्सपासून तीस दिवस, आणि कोर्टाने कारण लिहून वाढवले तर नव्वद, म्हणजे ६ जानेवारी २०२६. "अजून वेळ आहे, डिसेंबरचा सीझन काढतो आणि मग येतो" असं दत्ताराम म्हणाला तर त्याचं रिटन स्टेटमेंट कदाचित वेळेत असेल पण काउंटरक्लेम मुदतीबाहेर गेलेला असेल. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की रिटन स्टेटमेंट दिल्यानंतरही, साधारणपणे इश्यूज, म्हणजे वादाचे मुद्दे, फ्रेम होईपर्यंत, कोर्ट काउंटरक्लेम घेऊ शकतं. त्यावर विसंबून लोक निवांत राहतात. पण ती सवलत कोर्टाच्या मर्जीची आहे आणि तिने लिमिटेशन वाढत नाही.

गोव्यात अजून एक समज ऐकू येतो, विशेषतः जुन्या माणसांकडून, की आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड आहे आणि त्यात मुदती लांब आहेत. कुटुंब आणि वारसा यात तो कोड आजही आपला आहे, पण करारावरच्या पैशांच्या दाव्यांना इथेही १९६३ चा लिमिटेशन अ‍ॅक्टच लागतो हे सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सिंडिकेट बँकेच्या गोव्यातल्याच केसमध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे तीन वर्षं म्हणजे तीनच.

मग नुकसानीचा काउंटरक्लेम मुदतीबाहेर गेलाच तर दत्ताराम रिकाम्या हाती का? पूर्ण नाही. सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टचं कलम ५९ म्हणतं की मालाची वॉरंटी मोडली असेल तर गिऱ्हाईक ते किंमत कमी करायला किंवा अगदी शून्यावर आणायला बचाव म्हणून मांडू शकतं. म्हणजे "खराब लाद्यांची एवढी किंमत मी देणं लागत नाही" हे साध्या बचावातही म्हणता येतं. शिवाय एकाच व्यवहारातून आलेली न ठरलेली रक्कम सुद्धा न्यायबुद्धीने वजा करायची मुभा कोर्टं देतात, त्याला इक्विटेबल सेट-ऑफ म्हणतात, पण तो हक्काने मागता येत नाही. आणि या दोन्हींनी उल्हासबाबचा आकडा फक्त खाली येतो, त्याच्या खिशातून दत्तारामला काही मिळत नाही. मिळवायचं असेल तर काउंटरक्लेमच, आणि वेळेत.

आता रिटन स्टेटमेंट लिहायला बसू. एकाच कागदात तीन भाग करायचे. आधी दाव्याला परिच्छेदवार उत्तर, त्यातच ४०,००० चं पेमेंट. मग "सेट-ऑफ" असं स्वच्छ हेडिंग देऊन ९०,००० चा तपशील, चेकचा नंबर, तारीख, कुठल्या बँकेवर, कधी वटला. मग "काउंटरक्लेम" असं वेगळं हेडिंग, आणि इथे लिखाण अगदी दाव्यासारखं पाहिजे कारण ६-ए त्याला प्लेंटच मानतो: काय घडलं, कारण कधी उद्भवलं, मुदतीत कसं आहे, कोर्टाला अधिकार कसा आहे, मूल्यांकन किती, आणि शेवटी किती पैसे मागतोय त्याची प्रार्थना. खाली व्हेरिफिकेशन. सेट-ऑफ आणि काउंटरक्लेम दोन्हींना कोर्ट फी लागते, ती न भरता फाइल पुढे ढकलली की नंतर तेवढ्यासाठी तारखा जातात.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते सांगते. लाद्यांच्या नुकसानीची दोन पानं भावनेने लिहिलेली असतात आणि शेवटी प्रार्थना एकच, "सबब वादीचा दावा फेटाळावा". एवढ्याने काउंटरक्लेम होत नाही. रूल ६-बी म्हणतो की काउंटरक्लेमवर विसंबणार असाल तर तो काउंटरक्लेम आहे असं रिटन स्टेटमेंटमध्ये ठळकपणे सांगा. नाहीतर त्यावर इश्यू फ्रेम होत नाही, समोरच्याला उत्तर द्यावं लागत नाही आणि पुरावा देऊनही डिक्री मिळत नाही. फाइल बघताना मी आधी शेवटचं पान उलटते, तिथे रक्कम मागितली नसेल तर आतली दोन पानं कितीही चांगली असोत.

उल्हासबाबलाही दोन वाटा आहेत. काउंटरक्लेमला त्याने त्याचं रिटन स्टेटमेंट द्यायचं, नाही दिलं तर ६-ई खाली कोर्ट त्या काउंटरक्लेमवर त्याच्याविरुद्ध निकाल देऊ शकतं. किंवा "हा वाद इथे मिसळू नका, त्याला वेगळी सूट लावू दे" असा अर्ज ६-सी खाली करायचा, पण तो इश्यूज ठरण्याआधी.

समजा सगळं चाललं, पुरावा झाला आणि कोर्टाने पेमेंट मानलं, चेकचं कर्ज मानलं, आणि नुकसान १,४०,००० नाही पण १,३०,००० मानलं. २,४०,००० मधून पेमेंटचे ४०,००० गेले, राहिले दोन लाख. त्यातून सेट-ऑफचे ९०,००० वजा, राहिले १,१०,०००. समोर काउंटरक्लेमचे १,३०,०००. म्हणजे दत्तारामलाच २०,००० यायचे, आणि डिक्री त्याच्या बाजूने निघते. व्याज आणि खर्च यात मी धरलेला नाही. हेच ९०,००० जर काउंटरक्लेममध्ये टाकून मुदतीबाहेर गेले असते तर दोन लाखातून फक्त १,३०,००० वजा होऊन दत्तारामलाच ७०,००० भरायची डिक्री झाली असती. एका हेडिंगपायी वीस हजार मिळण्याऐवजी सत्तर हजार द्यायची पाळी.

शेवटची एक गोष्ट, जी रिटन स्टेटमेंट समोरच्याच्या हातात पडल्यावर घडू शकते. उल्हासबाबचा वकील हे सगळं वाचतो, हिशोब उलटा फिरतोय हे त्याच्या लक्षात येतं आणि तो सूट मागे घ्यायचा अर्ज देतो. काउंटरक्लेमला त्याने धक्का लागत नाही, ६-डी मध्ये लिहिलंय की सूट थांबली, सोडली किंवा फेटाळली गेली तरी काउंटरक्लेम पुढे चालेल. सेट-ऑफसाठी असा नियम लिहिलेला नाही, आणि तोपर्यंत ९०,००० साठी नवीन सूट लावायची वेळ कधीच निघून गेलेली असते. म्हणून तसा अर्ज आला की "आमची हरकत नाही" असं लिहून सही करून मोकळं व्हायचं नाही. हरकत नोंदवायची, सेट-ऑफ मुदतीमुळे फक्त याच सूटमध्ये जिवंत आहे हे कोर्टाला तारखांसकट दाखवायचं, आणि समोरच्याला सूट काढूनच घ्यायची असेल तर ते नव्वद हजार त्याच दिवशी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या तडजोडीच्या कागदात, लिहून घ्यायचे.